मॅच्ड फिल्टर: पल्स उलटी का करायची आणि फिल्टर कोणत्या क्रमाने बांधायचा

मॅच्ड फिल्टर लिहिताना सर्वाधिक चुका एकाच जागी होतात. पल्सचे सँपल उलट्या क्रमाने ठेवायचे की सरळ, हे ठरवताना अनेक जण अंदाजाने काहीतरी निवडतात, चाचणीसाठी चौकोनी किंवा गाउसियन पल्स घेतात आणि उत्तर बरोबर आले म्हणून पुढे जातात. या दोन्ही पल्स मधोमध समसमान असल्यामुळे त्या उलट्या केल्या तरी तशाच राहतात. त्यामुळे चूक झाली असली तरी चाचणीत ती दिसत नाही आणि प्रत्यक्ष उपकरणावर मात्र फिल्टर कमकुवत निघतो. म्हणून या लेखातले उदाहरण मुद्दाम असमान पल्सचे घेतले आहे. झपाट्याने चढणारी आणि सावकाश विरणारी पल्स अल्ट्रासोनिक सेन्सरच्या प्रतिध्वनीत नेहमीच भेटते, त्यामुळे पुढची प्रत्यक्ष मोजणीही त्याच सेन्सरवर बेतलेली आहे.

## टप्पा १: फिल्टरला हात लावण्याआधीची तयारी

मॅच्ड फिल्टर एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर देतो: पल्सचा आकार आधीपासून ठाऊक आहे आणि तिच्यात नॉइज मिसळला आहे, तर ती पल्स आहे की नाही आणि असल्यास केव्हा आली, हे सर्वाधिक खात्रीने कसे ओळखायचे? पल्सचा मूळ आकार जसाच्या तसा परत मिळवणे हे त्याचे काम नाही. किंबहुना त्याच्या आउटपुटमध्ये पल्सचा आकार बदललेलाच असतो. ज्यांना स्वच्छ झालेली लहर पाहायची आहे, त्यांनी वेगळा फिल्टर निवडावा.

सुरुवातीला पल्सचा नमुना, म्हणजे टेम्प्लेट, हाताशी हवा. ४० किलोहर्ट्झच्या सेन्सरला आठ आवर्तनांचा, म्हणजे ०.२ मिलिसेकंदांचा झटका दिला, तरी सेन्सरची चकती त्यानंतरही घुमत राहते आणि प्रत्यक्षात ऐकू येणारी पल्स कितीतरी लांब असते. म्हणून पाठवलेला झटका हाच टेम्प्लेट मानणे चुकीचे आहे. सपाट भिंतीसमोर सेन्सर ठेवावा, प्रतिध्वनीची अनेक रेकॉर्डिंग घ्यावीत, ती एकमेकांवर नीट जुळवून त्यांची सरासरी काढावी आणि त्या सरासरीतून पल्सचा भाग कापून घ्यावा. रेकॉर्डिंगची संख्या जितक्या पटींनी वाढते, तितक्याच पटींनी टेम्प्लेटमधल्या नॉइजचा व्हेरियन्स कमी होतो. बाजारात मिळणारी स्वस्त तयार मॉड्यूल बहुधा फक्त एका पिनवर अंतराच्या प्रमाणात रुंद असा डिजिटल सिग्नल देतात. त्यातून टेम्प्लेट मिळत नाही, रिसीव्हरचा कच्चा अ‍ॅनालॉग सिग्नलच लागतो.

इशारा: टेम्प्लेट आणि प्रत्यक्ष रेकॉर्डिंग यांचा सँपलिंग दर एकच असावा. दोन्हींतून सरासरी पातळी, म्हणजे डीसी ऑफसेट, वजा करावी. एडीसीच्या कमाल मर्यादेला टेकून वरून सपाट झालेले रेकॉर्डिंग टेम्प्लेटसाठी वापरू नये.

## टप्पा २: आधी वजने ठरवा, फिल्टरचा विचार नंतर

गोंधळ टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कन्व्होल्यूशन काही काळ बाजूला ठेवणे. समजा, पल्स नेमकी केव्हा आली हे आपल्याला ठाऊक आहे आणि तिचे तीनच सँपल आहेत: ४, २, १. प्रत्येक सँपलमध्ये एकमेकांपासून स्वतंत्र असा नॉइज मिसळला आहे आणि त्याचा व्हेरियन्स सगळीकडे ४ आहे. आता तिन्ही सँपलना काही वजने देऊन एकच बेरीज काढायची आहे. वजने कोणती द्यावीत?

पहिला विचार असा येतो की सर्वांत मोठा सँपलच घ्यावा. सिग्नल ४, त्याचा वर्ग १६, नॉइजचा व्हेरियन्स ४; म्हणजे सिग्नल-नॉइज गुणोत्तर ४ मिळते. दुसरा विचार असा की तिन्ही सँपल सारख्याच वजनाने मिळवावेत. सिग्नल ७ होतो, नॉइजचा व्हेरियन्स १२ होतो आणि गुणोत्तर ४९ भागिले १२, म्हणजे सुमारे ४.०८ येते. तीन सँपल वापरूनही फायदा नगण्य, कारण शेवटच्या सँपलमध्ये सिग्नल फक्त १ असताना आपण त्याचा नॉइज पहिल्या सँपलइतक्याच मोकळेपणाने आत घेतला.

मधला मार्ग असा: नॉइज सगळीकडे सारखाच असल्यामुळे ज्या सँपलमध्ये सिग्नल जितका जास्त, तितके त्याला वजन जास्त. वजने ४, २, १ घेतली, तर सिग्नलची बेरीज १६ + ४ + १ = २१ होते. नॉइजचा व्हेरियन्स वजनांच्या वर्गांच्या बेरजेने वाढतो, म्हणून तो ४ × २१ = ८४ होतो. गुणोत्तर येते ४४१ भागिले ८४, म्हणजे ५.२५.

याहून जास्त का मिळू शकत नाही, हे कॉशी-श्वार्ट्झ असमानता सांगते. पल्सचे सँपल `s` असतील, तर कोणतीही वजने `w` घेतली, तरी

```text
(Σ w·s)²  ≤  (Σ w²) · (Σ s²)
```

दोन्ही बाजूंना नॉइजच्या व्हेरियन्सने, म्हणजे `σ²·Σw²` ने भागले, की डावीकडे आपले गुणोत्तर उरते आणि उजवीकडे `Σs²/σ²`, म्हणजे पल्सची ऊर्जा भागिले नॉइजचा व्हेरियन्स. ही कमाल मर्यादा आहे आणि `w` हे `s` च्या प्रमाणात असेल तेव्हाच ती गाठली जाते. वजने सगळी दुप्पट किंवा निमपट केली तरी गुणोत्तरात काही फरक पडत नाही, म्हणून फिल्टर कोणत्या गुणकाने मोजला याची चिंता इथे करू नये.

५.२५ हा आकडा थोडा उघडून पाहण्यासारखा आहे. १६/४ + ४/४ + १/४ = ४ + १ + ०.२५. प्रत्येक सँपलचे स्वतःचे सिग्नल-नॉइज गुणोत्तर काढून त्यांची नुसती बेरीज केली, तर तेच उत्तर मिळते. योग्य वजने दिली की कोणताही सँपल, कितीही क्षीण असला तरी, नुकसान करत नाही. आपल्या कुवतीइतकी भर घालतोच. यातूनच हेही दिसते की कमाल गुणोत्तर पल्सच्या आकारावर अवलंबून नसून फक्त ऊर्जेवर अवलंबून आहे.

इशारा: सलग काळाच्या सूत्रात पल्सची ऊर्जा `E` धरून हीच मर्यादा `2E/N0` अशी लिहिली जाते, पण तिथे नॉइजची दुहेरी बाजूची घनता `N0/2` धरलेली असते. एका ठिकाणचे `N0` घेऊन दुसऱ्या ठिकाणच्या सूत्रात घातले, की बरोबर ३ डेसिबलची तफावत पडते. उत्तरात नेमका ३ डेसिबलचा फरक दिसला, तर आधी इथे पाहावे.

## टप्पा ३: वजने फिल्टरमध्ये बसवताना क्रम उलटतो

आता फिल्टर. वजने ४, २, १ हवीत हे ठरले आहे. फिल्टरचे आउटपुट असे निघते:

```text
y[n] = Σ h[k] · x[n-k]
```

या सूत्रातली `n-k` ही खूण नीट पाहावी. `h[0]` चा गुणाकार आत्ता आलेल्या सँपलशी होतो, `h[1]` चा एक पाऊल आधी आलेल्याशी, `h[2]` चा दोन पावले आधी आलेल्याशी. म्हणजे फिल्टर आपल्या गुणांकांची यादी भूतकाळाच्या दिशेने वाचत जातो.

पल्सचा शेवटचा सँपल, म्हणजे १, नुकताच आत आला आहे असा क्षण डोळ्यांसमोर आणावा. त्या क्षणी सर्वांत ताजा सँपल १ आहे, त्याआधीचा २ आणि सर्वांत जुना ४. प्रत्येकाला त्याच्याच मापाचे वजन मिळायला हवे असेल, तर `h[0]` ला १, `h[1]` ला २ आणि `h[2]` ला ४ असावे लागते. म्हणून इम्पल्स रिस्पॉन्स १, २, ४ होतो, म्हणजे पल्सच, पण काळात उलटी. सर्वसाधारण रूपात, पल्सचे `N` सँपल असतील तर, `h[k] = s[N-1-k]`. उलटवण्यामागे याहून गूढ काही नाही: कन्व्होल्यूशन स्वतः एकदा उलटवते, आपण आणखी एकदा उलटवतो आणि दोन्ही मिळून वजने पुन्हा सरळ बसतात. बऱ्याच स्पष्टीकरणांत फ्रीक्वेन्सी डोमेनमधून सुरुवात होते आणि तिथे हा साधा हिशेब हरवतो, असे माझे मत आहे.

कागदावर एकदा हे करून पाहावे. पल्स ४, २, १ ही फिल्टर १, २, ४ मधून जाऊ द्या:

```text
n = 0 :  1*4                =  4
n = 1 :  2*4 + 1*2          = 10
n = 2 :  4*4 + 2*2 + 1*1    = 21
n = 3 :  4*2 + 2*1          = 10
n = 4 :  4*1                =  4
```

शिखर २१, म्हणजे नेमकी पल्सची ऊर्जा. ते `n = 2` वर, म्हणजे `N-1` वर येते. त्याआधी येऊच शकत नाही, कारण पल्स पूर्ण आत आल्याशिवाय तिची सगळी ऊर्जा गोळा होत नाही.

उलटवायला विसरलो तर काय होते? फिल्टर ४, २, १ ठेवला, तर आउटपुट १६, १६, १२, ४, १ येते. शिखर १६ आणि नॉइजचा व्हेरियन्स तोच ८४. गुणोत्तर २५६ भागिले ८४, म्हणजे ३.०५. हे मर्यादेपेक्षा सुमारे २.४ डेसिबल कमी आहे. पण याहून बोचरी गोष्ट अशी की फिल्टर अजिबात न लावता फक्त पहिला सँपल पाहिला असता, तरी ४ मिळत होते. न उलटवलेला फिल्टर या पल्सवर काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरतो.

## टप्पा ४: नॉइजशिवाय चाचणी

खऱ्या डेटाकडे वळण्याआधी टेम्प्लेट स्वतःच फिल्टरमधून घालवावा. ही चाचणी अनेक जण वगळतात, पण जवळजवळ प्रत्येक रचनेची चूक इथेच पकडता येते.

```python
import numpy as np
s = np.array([4.0, 2.0, 1.0])
h = s[::-1].conj()
print(np.convolve(s, h))
# [ 4. 10. 21. 10.  4.]
```

तपासणी: आउटपुट शिखराच्या दोन्ही बाजूंना सारखे असले पाहिजे, शिखर `N-1` या जागी असले पाहिजे आणि त्याचे मूल्य `np.sum(np.abs(s)**2)` इतके असले पाहिजे. यांपैकी एकही गोष्ट चुकली, तर पुढे जाऊ नये.

`.conj()` हा भाग वास्तव संख्यांच्या पल्सला लागत नाही, पण आय-क्यू स्वरूपातल्या, म्हणजे संमिश्र संख्यांच्या सिग्नलला तो अनिवार्य आहे. पल्स `[1, j]` असेल, तर कॉन्जुगेट घेतल्यावर शिखर १ + १ = २ येते. न घेतल्यास तिथेच १ − १ = ० येते, म्हणजे जिथे शिखर हवे, नेमके तिथेच सिग्नल नाहीसा होतो.

इशारा: `np.correlate` वापरणार असाल, तर टेम्प्लेट उलटवू नका आणि कॉन्जुगेटही घेऊ नका, ती दोन्ही कामे ते फंक्शन आतच करते. उलटवलेला टेम्प्लेट `np.correlate` ला देणे म्हणजे टप्पा ३ मधली चूक दुसऱ्या दाराने आत आणणे. शिवाय `np.convolve` मध्ये काही न सांगितल्यास `full` आणि `np.correlate` मध्ये `valid` धरले जाते, त्यामुळे एकावरून दुसऱ्यावर जाताना शिखराची जागा सरकते.

## टप्पा ५: गुणोत्तर मोजून पाहणे

सिग्नल आणि नॉइज वेगवेगळे फिल्टरमधून घालवावेत. फिल्टर रेषीय असल्यामुळे असे करणे पूर्णपणे वैध आहे आणि मोजमापही स्वच्छ मिळते.

```python
rng = np.random.default_rng(7)
v = rng.normal(0, 2.0, 200000)
for g in (s[::-1], s, np.ones(3)):
    p = np.convolve(s, g).max()
    n = np.convolve(v, g, mode="valid").var()
    print(p**2 / n)
```

`rng.normal` ला व्हेरियन्स नव्हे, तर प्रमाण विचलन द्यायचे असते, म्हणून ४ ऐवजी २.० लिहिले आहे. छापून येणारे आकडे अनुक्रमे ५.२५, ३.०५ आणि ४.०८ यांच्या अगदी जवळ असले पाहिजेत.

इथली नेहमीची चूक म्हणजे आउटपुटच्या सगळ्या सँपलची सरासरी शक्ती काढून तिला सिग्नल म्हणणे. मॅच्ड फिल्टर गुणोत्तर वाढवतो ते एकाच क्षणी, शिखराच्या क्षणी. सरासरीत तो क्षण विरघळून जातो आणि मग फिल्टर निकामी असल्याचा गैरसमज होतो.

टेम्प्लेट थोडा चुकला तर किती तोटा होईल, याचाही अंदाज आधीच घेता येतो. टेम्प्लेट आणि खरी पल्स यांचा सामान्यीकृत कोरिलेशन गुणांक `ρ` असेल, तर गुणोत्तर `ρ²` पटीने घटते. न उलटवलेल्या फिल्टरसाठी सर्वोत्तम जुळणी १६ भागिले २१, म्हणजे ०.७६, तिचा वर्ग ०.५८ आणि ५.२५ ला त्याने गुणले की ३.०५. `ρ` ०.९५ असला, तरी तोटा अर्ध्या डेसिबलहून कमीच राहतो. म्हणून टेम्प्लेटच्या बारीकसारीक दोषांवर आठवडे घालवू नयेत.

## टप्पा ६: खऱ्या रेकॉर्डिंगवर शिखरापासून अंतरापर्यंत

समजा, अल्ट्रासोनिक रेकॉर्डिंग दर सेकंदाला २ लाख सँपलने घेतले आहे आणि टेम्प्लेट एक मिलिसेकंदाचा, म्हणजे २०० सँपलचा आहे. फिल्टरचे शिखर प्रतिध्वनी सुरू झाल्यानंतर १९९ सँपलने येते, म्हणजे ०.९९५ मिलिसेकंदाने. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला आणि जाण्यायेण्याचे अंतर म्हणून दोनाने भागले, तर हा उशीर १७ सेंटिमीटर भरतो. म्हणून शिखराच्या क्रमांकातून `N-1` वजा करणे विसरले, की प्रत्येक अंतर १७ सेंटिमीटरने जास्त दिसते. चूक सर्वत्र सारखीच असल्याने अनेक जण तिला सेन्सरचा दोष समजून आकड्यात एक स्थिरांक मिसळून देतात. पुढे टेम्प्लेटची लांबी बदलली, की तो स्थिरांकही चुकतो. `mode="same"` वापरल्यास आउटपुटच्या सुरुवातीचा सुमारे निम्मा उशीर आधीच कापला जातो, म्हणून हिशेब होईपर्यंत `full` च वापरावे.

`N-1` वजा केल्यावरही टेम्प्लेट कापताना सुरुवात नेमकी कुठे धरली, यावर शून्य बिंदू ठरतो. माहीत असलेल्या अंतरावरच्या भिंतीने तो एकदा पक्का करून घ्यावा.

४० किलोहर्ट्झवर आणखी एक सापळा आहे. आउटपुटही त्याच फ्रीक्वेन्सीने वरखाली होते, त्यामुळे मुख्य शिखराच्या २५ मायक्रोसेकंद अलीकडे आणि पलीकडे जवळजवळ तेवढीच उंच शिखरे असतात. नॉइजमुळे शेजारचे शिखर वरचढ ठरले, तर अंतर एकदम ४.३ मिलिमीटरने उडी मारते. मोजमापांत नेमक्या एवढ्याच उड्या दिसल्या, तर दोष फिल्टरचा नसून आवर्तन चुकल्याचा आहे. अशा वेळी आउटपुटचे एन्व्हलप घेऊन त्याचे शिखर शोधावे. अचूकता थोडी कमी होते, पण उड्या थांबतात.

## टप्पा ७: नॉइज व्हाइट नसेल तर

आतापर्यंतचा सगळा हिशेब प्रत्येक सँपलमधला नॉइज स्वतंत्र आणि सारखाच असल्याच्या गृहीतकावर उभा आहे. ते खोटे असेल, तर उलटी पल्स हा सर्वोत्तम फिल्टर राहत नाही.

हे ओळखायचे कसे? सेन्सरला झटका न देता फक्त नॉइजचे लांब रेकॉर्डिंग घ्यावे आणि त्याचा स्पेक्ट्रम पाहावा. पल्स ज्या पट्ट्यात आहे, त्या पट्ट्यात तो साधारण सपाट असेल, तर नेहमीचा मॅच्ड फिल्टर पुरतो. पट्ट्याबाहेरचे चढउतार तो स्वतःच बऱ्याच अंशी रोखतो. पट्ट्याच्या आतच एखादा सुळका असेल, उदाहरणार्थ जवळच्या स्विचिंग पॉवर सप्लायचा, तर आधी व्हाइटनिंग करावे लागते, म्हणजे प्रत्येक फ्रीक्वेन्सीला तिथल्या नॉइजच्या पातळीने भागून नॉइज सपाट करावा लागतो.

इशारा: व्हाइटनिंग रेकॉर्डिंगवर केले, की त्यातल्या पल्सचाही आकार बदलतो. म्हणून तेच व्हाइटनिंग टेम्प्लेटवरही करून मग तो उलटवावा. जुनाच टेम्प्लेट ठेवला, तर फिल्टर आता अस्तित्वात नसलेली पल्स शोधत बसतो.

गुरुत्वीय लहरींच्या शोधात हा टप्पा वगळून चालतच नाही, कारण लायगोच्या उपकरणांचा नॉइज फ्रीक्वेन्सीनुसार प्रचंड बदलतो. १४ सप्टेंबर २०१५ च्या सिग्नलचे मॅच्ड फिल्टरने काढलेले गुणोत्तर २४ होते. तिथे गुणोत्तर वर्गाच्या नव्हे, तर उंचीच्या मापात सांगतात, आपल्या ५.२५ शी तुलना करायची, तर २४ चा वर्ग घ्यावा लागेल.

नॉइज व्हाइट नसल्याची एक फसवी खूण सँपलिंग दरातही दडलेली असते. दर दुप्पट केला, की `Σs²` जवळजवळ दुप्पट होते आणि गुणोत्तर ३ डेसिबलने सुधारल्यासारखे वाटते. रिसीव्हरचा पट्टा तोच असेल, तर ही सुधारणा खोटी आहे: शेजारच्या सँपलमधला नॉइज आता एकमेकांशी बांधलेला आहे, पण `Σs²/σ²` हे सूत्र तो स्वतंत्र असल्याचे धरून चालते. टप्पा ५ प्रमाणे खरा नॉइज फिल्टरमधून घालवून व्हेरियन्स मोजला, की ही वाढ लगेच नाहीशी होते.

## टप्पा ८: उंबरठा ठरवणे

शिखर किती उंच असले म्हणजे पल्स आली असे मानायचे, हा निर्णय फिल्टर घेत नाही. फक्त नॉइज असताना आउटपुटचे प्रमाण विचलन `σ·√E` असते, म्हणून उंबरठा त्याच्या पटीत ठरवावा. पल्सची वेळ ठाऊक नसताना आपण एक नव्हे, तर हजारो सँपल तपासतो, हे मात्र विसरू नये. उंबरठा तिपटीवर ठेवला आणि नॉइज गाउसियन असला, तर एखादा सँपल विनाकारण उंबरठा ओलांडण्याची शक्यता ०.००१३५ असते. २,००० सँपलच्या रेकॉर्डिंगमध्ये असे सरासरी २.७ सँपल निघतील, म्हणजे पल्स नसतानाही ती आल्याचा इशारा जवळजवळ दर वेळी वाजण्याची भीती आहे.

आपल्या तीन सँपलच्या पल्सचे शिखर नॉइजच्या केवळ २.३ पट उंच आहे, कारण ५.२५ चे वर्गमूळ तेवढेच येते. वेळ आधीच ठाऊक असेल, तर ती बऱ्यापैकी ओळखता येईल; लांब रेकॉर्डिंगमध्ये ती शोधणे मॅच्ड फिल्टरलाही जमणार नाही आणि तिथे दुसरा कोणताही रेषीय फिल्टर याहून चांगले काम करू शकत नाही. उपाय एकच उरतो, तो म्हणजे ऊर्जा वाढवणे: पल्स लांब करावी, किंवा तीच पल्स पुन्हा पुन्हा पाठवून आउटपुटची बेरीज करावी. शिखर उंबरठ्याच्या वर ठळकपणे येण्यासाठी ते नॉइजच्या पाच पट हवे असेल, तर गुणोत्तर २५ लागते, म्हणजे ही पल्स किमान पाच वेळा पाठवावी लागेल. मधल्या काळात समोरची वस्तू हलता कामा नये, कारण ४० किलोहर्ट्झवर वस्तू दोन मिलिमीटर सरकली तरी परतीची लहर अर्ध्या आवर्तनाने मागेपुढे होते आणि बेरीज वाढण्याऐवजी घटते.